समस्या निवारण: जास्त मजबूत पोलाद वापरूनही शाफ्टचा झोल कमी का होत नाही?

तक्रार बहुधा एकाच स्वरूपात येते. दोन बेअरिंगांवर टेकलेल्या शाफ्टच्या मधोमध एक जड फ्लायव्हील बसवलेले असते, यंत्र वेगात आले की कंप सुटतो आणि बेअरिंग वारंवार बदलावे लागते. शाफ्ट ‘कमजोर’ आहे असे ठरवून माइल्ड स्टीलच्या जागी त्याच व्यासाचा, हार्डनिंग-टेंपरिंग केलेला ईएन २४चा शाफ्ट करून घेतला जातो. खर्च कितीतरी वाढतो, खरादीलाही वेळ जास्त लागतो, आणि यंत्र सुरू केल्यावर कंप होता तसाच राहतो. डायल गेज लावून झोल मोजला तर तोही जवळजवळ पूर्वीइतकाच भरतो. त्यानंतरचा संशय पुरवठादारावर जातो: ईएन २४ म्हणून साधेच पोलाद दिले असणार. असे कधी घडतही असेल, परंतु झोल कमी झाला नाही या निरीक्षणावरून ते सिद्ध होत नाही. अस्सल ईएन २४नेही झोल कमी झाला नसता.

याचे कारण असे की पोलादाची यील्ड स्ट्रेंग्थ आणि त्याचा स्थितिस्थापकता गुणांक हे दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. भार काढल्यावर वस्तू मूळ आकारात परत येणार नाही अशी अवस्था किती ताणाला सुरू होते, हे यील्ड स्ट्रेंग्थ सांगते. ती अवस्था येण्यापूर्वी, म्हणजे वस्तू परत येऊ शकते त्या टप्प्यात, दिलेल्या ताणाला ती किती वाकते किंवा ताणली जाते, हे स्थितिस्थापकता गुणांक सांगतो. आयएस २०६२ मधील ई २५० या ग्रेडची किमान यील्ड स्ट्रेंग्थ २० मिलिमीटरपेक्षा कमी जाडीला २५० मेगापास्कल असते, ई ४१० ची ४१०, आणि हार्डनिंग-टेंपरिंग केलेल्या ईएन २४ची ‘टी’ अवस्थेत साधारण ६५० च्या पुढे. या सर्वांचा स्थितिस्थापकता गुणांक मात्र २०० ते २१० गिगापास्कल या अरुंद पट्ट्यात राहतो. म्हणूनच आयएस ८०० मध्ये बांधकामाच्या पोलादासाठी ग्रेड न पाहता २,००,००० मेगापास्कल हा एकच आकडा दिलेला आहे, आणि आयएस ४५६ मध्येही सळईसाठी, मग ती साधी असो वा उच्च ताकदीची, तोच घेतला जातो.

आधी तपासणी: शाफ्ट झोलतो आहे की कायमचा वाकला आहे?

ग्रेड बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी एवढे एकच ठरवले तरी बराचसा खर्च वाचतो, आणि त्यासाठी डायल गेजपलीकडे विशेष साधन लागत नाही. यंत्र बंद करून, फ्लायव्हील जागेवरच ठेवून, त्याच्या शेजारी शाफ्टच्या खालच्या बाजूस डायल टेकवावा आणि शाफ्ट हाताने अगदी सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावा. वजनामुळे येणारा झोल नेहमी जमिनीच्या दिशेनेच असतो. शाफ्ट फिरला तरी झोल त्याच्याबरोबर फिरत नाही. त्यामुळे शाफ्ट केवळ झोललेला असेल तर डायलचा काटा जवळजवळ स्थिर राहतो. शाफ्ट कायमचा वाकलेला असेल, तर त्याचा फुगवटा शाफ्टबरोबर फिरतो आणि काटा एका फेऱ्यात खालीवर होतो. वाक जितका असेल त्याच्या दुप्पट फरक डायलवर दिसतो.

काटा हलला नाही, तर दुसरी चाचणी करावी. डायल त्याच जागी ठेवून शून्यावर आणावा आणि फ्लायव्हीलला पट्टा बांधून चेन पुली ब्लॉकने त्याचे वजन हळूहळू उचलून धरावे. ब्लॉक आणि पट्टा यांच्यामध्ये क्रेनचा वजनकाटा अडकवला, तर नेमके फ्लायव्हीलचेच वजन उचलले गेले आहे की शाफ्ट वर ओढला जातो आहे हे कळते. तो नसेल तर वाचन फसवे येण्याची शक्यता मोठी. शाफ्ट जितका वर येतो, तितका झोल. मात्र दोन्ही बेअरिंगांजवळही एकेक डायल लावून तेथील हालचालीची सरासरी मधल्या वाचनातून वजा करावी लागते. हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु ढिले पेडेस्टल, वाकणारी बेड-फ्रेम किंवा बेअरिंगमधली मोकळीक यांचा हिस्सा अनेकदा अशाच वेळी उघड होतो, आणि ग्रेडवरची चर्चा तेथेच संपते. वजन पुन्हा सोडल्यावर मधला डायल शून्यावर परत आला, तर शाफ्ट स्थितिस्थापक मर्यादेतच आहे. अशा शाफ्टला जास्त यील्ड स्ट्रेंग्थचे पोलाद झोलाच्या बाबतीत काहीच देऊ शकत नाही, कारण आहे त्या पोलादाचीच यील्ड स्ट्रेंग्थ अजून वापरात आलेली नाही.

आकड्यांत पाहिले तर

४० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट, दोन बेअरिंगांच्या मध्यांमधील अंतर १००० मिलिमीटर, आणि बरोबर मधोमध सुमारे २०४ किलोचे, म्हणजे २००० न्यूटन वजनाचे फ्लायव्हील असे उदाहरण घेऊ. शाफ्ट एका टोकाला कपलिंगने चालवला जातो, त्यामुळे पट्ट्याची ओढ मोजण्याची गरज नाही, आणि चालवण्याचा वेग मिनिटाला ७२० फेरे आहे. बेअरिंग स्वतःहून थोडे तिरपे होऊ शकणारे आहेत असे धरले, तर मधला झोल δ पुढील सूत्राने मिळतो, ज्यात P म्हणजे भार, L म्हणजे बेअरिंगांमधील अंतर, d म्हणजे व्यास, E म्हणजे स्थितिस्थापकता गुणांक आणि I म्हणजे शाफ्टच्या छेदाचा आकार वाकण्याला किती विरोध करतो हे सांगणारी राशी:

```
δ = P·L³ / (48·E·I)
I = π·d⁴ / 64
```

व्यास ४० असल्यामुळे I सुमारे १,२५,७०० मिलिमीटर⁴ येतो. माइल्ड स्टीलसाठी E म्हणून २,०५,००० मेगापास्कल घेतले, तर झोल १.६२ मिलिमीटर निघतो. आता याच ठिकाणी ताण किती आहे ते पाहावे: मध्यभागी वाकवणारा मोमेंट ५,००,००० न्यूटन-मिलिमीटर आहे आणि त्याने येणारा सर्वाधिक ताण सुमारे ८० मेगापास्कल. चाळीस मिलिमीटर जाडीच्या माइल्ड स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ २५० ऐवजी २४० धरली, तरी वापर एक तृतीयांशच झालेला आहे. ईएन २४ने ही मर्यादा ६५० वर नेली, परंतु ८० मेगापास्कलच्या ताणाला मर्यादा २४० वर आहे की ६५० वर, याने काहीही बदलत नाही. सूत्रात यील्ड स्ट्रेंग्थला जागाच नाही. ईएन २४साठी E अगदी २,१०,००० धरला, तरी झोल १.५८ मिलिमीटर येतो. हा चार शतांश मिलिमीटरचा फरक डायलवर दिसेल, पण कंप थांबवायला तो निरुपयोगी आहे.

कंपाचा संबंध येथेच आहे. मधोमध एकच जड वस्तू असलेल्या शाफ्टचा क्रांतिक वेग त्याच्या स्थिर झोलावरूनच काढता येतो: गुरुत्व त्वरण भागिले झोल, याचे वर्गमूळ सेकंदाला रेडियनमध्ये वेग देते. १.६२ मिलिमीटर झोलासाठी हा वेग मिनिटाला सुमारे ७४० फेरे येतो. यंत्र ७२० वर चालते. म्हणजे यंत्र क्रांतिक वेगाच्या उंबऱ्यावरच चालवले जात आहे, आणि फ्लायव्हीलमधला थोडासा असमतोलही तेथे मोठा कंप निर्माण करतो. ईएन २४ बसवल्यावर क्रांतिक वेग फार तर ७५० होतो. ज्याने हा शाफ्ट बदलला त्याला फरक जाणवला नाही यात नवल नाही.

असे का होते: बंध तेच, अडथळे वेगळे

पोलादावर थोडा ताण दिला की लोखंडाच्या अणूंमधील अंतर किंचित वाढते, आणि ताण काढला की अणू परत जागेवर येतात. हे अंतर वाढवायला किती बल लागते, ते शेजारच्या अणूंमधील बंधाच्या ताठरपणावर अवलंबून असते. स्थितिस्थापकता गुणांक म्हणजे याच ताठरपणाचे मोजमाप होय. ईएन २४ मध्ये ०.४ टक्क्याच्या आसपास कार्बन, दीड टक्क्याच्या आसपास निकेल, साधारण एक ते दीड टक्का क्रोमियम आणि थोडे मॉलिब्डेनम असते. पण सुमारे ९५ टक्के तरी लोखंडच उरते. शंभर अणूंतील पाच-सहा अणू परके असले, तर सरासरी बंधाच्या ताठरपणात होणारा बदल एक-दोन टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. उष्णता प्रक्रियेने तर तेवढाही रासायनिक बदल होत नाही. एकाच ईएन २४च्या बारचे दोन तुकडे करून एक ॲनील केला आणि दुसरा तेलात विझवून टेंपर केला, तर दोघांच्या यील्ड स्ट्रेंग्थमध्ये प्रचंड अंतर पडते, पण अणू तेच असल्यामुळे गुणांक जवळपास तोच राहतो.

यील्ड होणे ही वेगळीच घटना आहे. तेथे अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि नव्या शेजाऱ्यांशी बंध जोडतात, त्यामुळे भार काढल्यावर परत येण्याचे कारण उरत नाही. एक अख्खा थर दुसऱ्यावरून एकदम सरकवायचा असता तर त्याला किती ताण लागला असता, याचा अंदाज फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये मांडला होता. त्या हिशेबाने लोखंडासाठी सुमारे १३ गिगापास्कल एवढा कातरताण यायला हवा. प्रत्यक्षात माइल्ड स्टील त्याच्या शंभराव्या भागातच सरकू लागते. हे कोडे १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे सोडवले: स्फटिकात डिसलोकेशन नावाचे रेषारूप दोष असतात, आणि त्यांच्या मदतीने थर एकदम न सरकता एका वेळी अणूंची एकेक ओळ सरकते. म्हणजे यील्ड स्ट्रेंग्थ बंध किती ताठ आहेत यावर फारशी ठरत नाही. या रेषांना पुढे जाण्यास किती अडथळा आहे यावर ती ठरते.

पोलादाचे सारे ग्रेड हे या अडथळ्यांचेच वेगवेगळे प्रकार आहेत. रोलिंगच्या तापमानावर नियंत्रण ठेवून आणि निओबियम किंवा व्हॅनेडियमची चिमूटभर भर घालून स्फटिककण बारीक केले की डिसलोकेशनला वारंवार कणांच्या सीमांवर थांबावे लागते. कणाचा आकार आणि यील्ड स्ट्रेंग्थ यांचा संबंध १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉल आणि पेच यांनी दाखवला. त्यांच्या नियमाने साध्या कमी कार्बनच्या पोलादात कणाचा सरासरी व्यास २५ मायक्रॉनवरून ५ मायक्रॉनवर आणला, तर यील्ड स्ट्रेंग्थ साधारण दीडशे मेगापास्कलने वाढते. विझवलेल्या पोलादात मार्टेन्साइटची अतिसूक्ष्म रचना आणि जाळीत अडकलेला कार्बन हेच काम आणखी जोरात करतात, आणि थंड ओढून काढलेल्या तारेत डिसलोकेशनच एकमेकींच्या वाटेत येतात. यांतील कोणताही अडथळा अणूंच्या सरासरी बंधाला हात लावत नाही. अतिशय ओढलेल्या तारेतसुद्धा डिसलोकेशनच्या रेषेवर येणारा अणू हजारोंतून एखादाच असतो. एवढ्या थोड्या अणूंनी ताकद कितीतरी पट वाढू शकते, कारण सरकणे त्यांच्यामुळेच घडते किंवा अडते, पण झोल मात्र सर्वच अणू मिळून ठरवतात.

पत्रा वाकवणाऱ्यांना हीच गोष्ट उलट बाजूने भेटते. जास्त ताकदीचा पत्रा प्रेस ब्रेकवर वाकवला की तो साच्यातून सुटल्यावर जास्त उघडतो. २५० मेगापास्कलचे पोलाद यील्ड होण्यापूर्वी ०.१२५ टक्के ताणले जाते, तर ७०० मेगापास्कलचे ०.३५ टक्के. चढाची रेषा तीच, दुसरे पोलाद तिच्यावर फक्त अधिक वरपर्यंत जाते. त्यामुळे परत येताना ते अंतरही जास्त कापते. तेथे ग्रेड बदलल्याचा परिणाम ठळक दिसतो आणि म्हणून ‘जास्त ताकदीचे पोलाद जास्त ताठ’ हा समज आणखी घट्ट होतो.

माल खोटा आहे का, हे कसे पाहावे

पुरवठादाराबद्दल शंका असेल तर झोल मोजू नये, कडकपणा मोजावा. ‘टी’ अवस्थेतील ईएन २४चा ब्रिनेल कडकपणा २४८ ते ३०२ च्या दरम्यान असतो, आणि साध्या माइल्ड स्टीलचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. हा फरक हातात धरायच्या कडकपणा मापकावरही लपत नाही. रासायनिक घटकांची खात्री स्पेक्ट्रो चाचणीने होते. कडकपणा कमी आणि निकेल-क्रोमियम मात्र योग्य असेल, तर माल खरा असून उष्णता प्रक्रिया झालेली नाही.

कधी कधी मात्र टेन्साइल चाचणीचा अहवालच गोंधळ घालतो. अहवालात स्थितिस्थापकता गुणांक ६० किंवा ८० गिगापास्कल छापून येतो, तोही दोन ग्रेडसाठी वेगवेगळा, आणि मग पोलादातच फरक आहे असे वाटते. दोष बहुधा मोजण्याच्या पद्धतीत असतो. ५० मिलिमीटर लांबीचा भाग २०० मेगापास्कलला जेमतेम ०.०५ मिलिमीटर ताणला जातो, पण यंत्राच्या क्रॉसहेडची हालचाल मोजली तर त्यात जबड्यांतील घसर, नमुन्याचा खांद्याकडचा भाग आणि यंत्राच्या चौकटीचे स्वतःचे ताणले जाणे हे सर्व मिसळते. नमुन्यावरच एक्स्टेन्सोमीटर लावलेला नसेल, तर त्या अहवालातील यील्ड स्ट्रेंग्थ स्वीकारावी आणि गुणांकाचा आकडा सरळ दुर्लक्षित करावा.

गुणांक खरोखर कोठे बदलतो

काही अपवाद मान्य करावेच लागतात. ३०४ सारख्या ऑस्टेनाइटिक स्टेनलेस पोलादाचा गुणांक १९३ गिगापास्कलच्या आसपास असतो, कारण तेथे परके अणू चौथ्या भागाहून अधिक असतात आणि अणूंची मांडणीही वेगळी असते. एकाच लोखंडी स्फटिकाचा गुणांक दिशेनुसार साधारण १३० ते २८० गिगापास्कल इतका बदलतो. सामान्य पोलादात असंख्य कण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असल्यामुळे सरासरी २०५ च्या जवळ येते, पण जोरात रोल केलेल्या पत्र्यात थोडा दिशाभेद राहू शकतो. तापमान हा सर्वांत मोठा घटक आहे: युरोपीय संहितेनुसार ५०० अंश सेल्सिअसला गुणांक मूळच्या ६० टक्क्यांवर आणि ६०० अंशांना ३१ टक्क्यांवर येतो. आपल्या शाफ्टला यांतील काहीच लागू नाही. पोलाद सोडूनच बाहेर पडायचे असेल तर टंगस्टन कार्बाइडचा गुणांक पोलादाच्या अडीच ते तीन पट असतो, आणि लांब बोरिंग बारसाठी तो वापरतातही. मीटरभर लांबीच्या शाफ्टला त्याचा विचार करण्यात अर्थ नाही.

मग उपाय कोणता

सूत्रात E बदलत नसेल तर L आणि I उरतात, आणि त्यांचे घातांक पाहता तेथे हात घालणे स्वस्तही पडते. बेअरिंग दोन्ही बाजूंनी ५० मिलिमीटर आत घेता आले, तर अंतर ९०० होते आणि झोल १.६२ वरून १.१८ वर येतो. त्याच माइल्ड स्टीलचा व्यास ५० केला, तर झोल ०.६६ मिलिमीटर होतो आणि क्रांतिक वेग सुमारे ११६० वर जातो. ७२० च्या चालीला एवढे अंतर पुरेसे आहे. वजन दर मीटरला ९.९ किलोवरून १५.४ किलो होते, एवढीच किंमत.

जागा असेल तर पोकळ शाफ्ट अधिक चांगला. ६० मिलिमीटर बाह्य व्यासाची आणि ६ मिलिमीटर जाडीची सीमलेस नळी दर मीटरला ८ किलोच भरते, म्हणजे मूळच्या भरीव शाफ्टपेक्षा हलकी, आणि तरीही झोल ०.५४ मिलिमीटरवर येतो. टोकांना भरीव प्लग बसवून वेल्ड करावेत आणि मगच बेअरिंगच्या जागा खरादाव्यात, म्हणजे वेल्डिंगने आलेला वाक खरादीत निघून जातो. फ्लायव्हीलच्या जागीही आत प्लग असावा, कारण ६ मिलिमीटरच्या भिंतीत की-वे कापणे धोक्याचे आहे. फ्लायव्हीलचे भोक अर्थातच मोठे करावे लागेल. येथे एक मोह टाळावा: भोक मोठे करायला नको म्हणून शाफ्ट सगळीकडे जाड ठेवून फ्लायव्हीलखाली तेवढा ४० मिलिमीटरचा गळा ठेवणे. वाकवणारा मोमेंट मध्यभागीच सर्वाधिक असतो, म्हणून झोलात सर्वांत मोठा वाटा त्याच भागाचा असतो. याउलट बेअरिंगखालची टोके ४० मिलिमीटरची ठेवली तरी झोल फारसा वाढत नाही, आणि जुने बेअरिंग तसेच चालते.

ईएन २४चा निर्णय चुकीचाच असतो असे नाही. शाफ्ट की-वेच्या कोपऱ्यातून किंवा खांद्याच्या त्रिज्येपाशी तडा जाऊन तुटत असेल, धक्क्याच्या भाराने कायमचा वाकत असेल, किंवा सीलखाली झिजत असेल, तर तेथे ताकद आणि कडकपणा यांचाच प्रश्न असतो आणि ग्रेड वाढवल्याने तो सुटू शकतो. नेमकी गल्लत होते ती यापुढच्या पायरीवर: ताकद वाढली म्हणून व्यास ४० वरून ३५ केला जातो. ताण ८० वरून सुमारे १२० मेगापास्कलवर जातो आणि ईएन २४ तो सहज पेलतो, पण झोल १.६२ वरून जवळपास २.८ मिलिमीटरवर जातो आणि क्रांतिक वेग मिनिटाला ५७० च्या आसपास उतरतो. मग ७२० पर्यंत पोहोचताना आणि थांबताना, प्रत्येक वेळी यंत्राला त्या कंपातून जावे लागते.